ब्रिजमधला करंट: वहीतलं उत्तर आणि पायथॉनचा ताळा

बारावीच्या भौतिकशास्त्रातला व्हीटस्टन ब्रिज बहुतेकांना संतुलित अवस्थेतला आठवतो: मधल्या रोधातून करंट शून्य. संतुलन बिघडलं की गणित अडतं, कारण मधला रोध इतर कुणाशीही ना एकसर असतो, ना समांतर.

एक उदाहरण घेऊ. १० व्होल्टच्या पुरवठ्यापासून नोड A पर्यंत १०० ओहम आणि A पासून ग्राउंडपर्यंत २०० ओहम. दुसऱ्या बाजूला उलट: B पर्यंत २००, B पासून ग्राउंडपर्यंत १००. A आणि B यांच्यामध्ये आणखी १०० ओहम.

वहीत पटकन सुचतं ते असं: मधला रोध काढला तर A वर ६.६७ आणि B वर ३.३३ व्होल्ट. फरक ३.३३ व्होल्ट, त्याला १०० ने भागलं की ३३.३ मिलिअँपिअर. आता याचा ताळा करू.

मॅट्रिक्समध्ये प्रत्येक नोडची एक ओळ असते. रोधाचा व्यस्त म्हणजे वाहकता. नोडला जोडलेल्या सगळ्या वाहकतांची बेरीज कर्णावर येते, दोन नोडमधली वाहकता उणे चिन्हासह कर्णाबाहेर. पुरवठ्याचं व्होल्टेज माहीत असल्याने त्याचा वाटा उजव्या बाजूला जातो.

```python
import numpy as np
G = np.array([
    [1/100 + 1/200 + 1/100, -1/100],
    [-1/100, 1/200 + 1/100 + 1/100]])
I = np.array([10/100, 10/200])
V = np.linalg.solve(G, I)
print(V, (V[0] - V[1]) / 100)
```

उत्तर येतं: A वर ५.७१, B वर ४.२९ व्होल्ट आणि मधून १४.३ मिलिअँपिअर. वहीतल्या उत्तराच्या निम्म्याहूनही कमी.

मग चुकलं कोण? किरचॉफचा नियम A वर लावा. पायथॉनच्या उत्तरात वरून ४२.९ मिलिअँपिअर येतात, खाली २८.६ जातात, ब्रिजमधून १४.३, हिशेब जुळतो. वहीच्या उत्तरात वरून ३३.३ येतात आणि तेवढेच खाली जातात. मग ब्रिजसाठी आणखी ३३.३ आले कुठून? मधला रोध जोडताच A आणि B ची व्होल्टेजं बदलतात, हेच सुटलं होतं. थेवेनिनच्या पद्धतीने दोन्ही बाजूंचा मिळून १३३.३ ओहम रोधही धरला, तर ३.३३ भागिले २३३.३ म्हणजे १४.३ मिलिअँपिअरच येतात.

पण `solve` फक्त दिलेली समीकरणं सोडवतं. ती सर्किटशी जुळतात का, हे त्याला कळत नाही. म्हणून मॅट्रिक्स आधी तपासावी. केवळ रोध आणि पुरवठा असलेल्या अशा सर्किटमध्ये ती कर्णाभोवती सममित हवी. शिवाय प्रत्येक ओळीची बेरीज त्या नोडला पुरवठ्याशी आणि ग्राउंडशी जोडणाऱ्या वाहकतांएवढीच यायला हवी. इथे ती ०.०१५ आहे, म्हणजे १/१०० अधिक १/२००. उणे चिन्ह राहिलं असतं, तर ते इथेच पकडलं गेलं असतं.