आयगेन व्हॅल्यू काढताना आधीच रो ऑपरेशन का करू नये?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला रँक काढता काढता रो ऑपरेशनची सवय लागते. तीच सवय आयगेन व्हॅल्यूच्या गणितात नडते. हे उदाहरण पाहा:

```
A = [ 4  1 ]
    [ 2  3 ]
```

λ फक्त मुख्य कर्णावरच्या 4 आणि 3 मधून वजा करायचा, 1 आणि 2 ला हात लावायचा नाही. मग डिटर्मिनंट शून्य धरायचा:

```
(4 − λ)(3 − λ) − (1)(2) = 0
λ² − 7λ + 10 = 0
λ = 5, λ = 2
```

λ = 5 ठेवलं की −x + y = 0, म्हणून व्हेक्टर (1, 1). λ = 2 ठेवलं की 2x + y = 0, म्हणून (1, −2). इथलं उणे चिन्ह अनेकदा सुटतं.

आता चूक बघा. आधीच R2 − ½R1 केलं, तर कर्णावर 4 आणि 2.5 उरतात आणि तेच उत्तर वाटतं. गुणाकारही 10 च येतो, कारण या ऑपरेशनने डिटर्मिनंट बदलत नाही. पण बेरीज 6.5 होते आणि मूळ कर्णाची बेरीज 7 आहे. चूक इथेच पकडली जाते.

रो ऑपरेशननंतर Ax = 0 ची उत्तरं तीच राहतात, Ax = λx ची मात्र बदलू शकतात. म्हणून ते λ ची किंमत ठेवल्यावर, व्हेक्टर काढतानाच वापरा. ताळा करताना गुणाकारासोबत बेरीजही तपासा.