पान दोनवरची व्याख्या

भोसरीतल्या एका लहान मशीन शॉपचं उदाहरण घेऊ. तीन सीएनसी मशीन, अकरा माणसं, ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट हे मुख्य काम. मोठ्या कंपनीच्या पर्चेस विभागाचा मेल येतो. नव्या ब्रॅकेटचं कोटेशन हवंय, ड्रॉइंग पाठवतो, पण आधी सोबतच्या गोपनीयता करारावर, म्हणजे एनडीएवर, सही करून द्या. करार सहा पानांचा आणि इंग्रजीत. मालक शेवटचं पान काढतो, सही-शिक्का मारतो, स्कॅन करून पाठवतो. सगळे असंच करतात. पण खरा मजकूर पान दोनवर असतो.

तिथे व्याख्या असते, साधारण अशी: ‘कंपनीने तोंडी, लेखी वा अन्य कोणत्याही प्रकारे दिलेली, तसेच कंपनीशी व्यवहार करताना पुरवठादाराला समजलेली सर्व माहिती.’ पहिला अर्धा भाग एकवेळ चालेल. ‘समजलेली’ हा शब्द मात्र महागात पडतो.

आता हा ब्रॅकेट पातळ भिंतीचा आहे. घट्ट पकडून मशीनिंग केलं की माप बरोबर दिसतं, आणि क्लॅम्प सोडला की जॉब वाकतो. दहा-बारा जॉब रिजेक्ट झाल्यावर मालकाला युक्ती सापडते: रफिंगनंतर क्लॅम्प सोडायचा, धातूतला ताण मोकळा होऊ द्यायचा, मग हलकं पकडून शेवटचा कट घ्यायचा. ही अक्कल कोणाची? मालकाची. पण ती कंपनीचं काम करताना समजली, म्हणून व्याख्येप्रमाणे कंपनीची गोपनीय माहिती. उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पातळ जॉब याच पद्धतीने केला, तर कागदावर तो करारभंग ठरू शकतो.

म्हणून व्याख्या आवळायची. ‘या ब्रॅकेटच्या कोटेशन व उत्पादनासाठी कंपनीने दिलेली आणि गोपनीय असा शिक्का असलेली ड्रॉइंग, मॉडेल, दर व चाचणी अहवाल’ एवढंच. तोंडी सांगितलेलं असेल तर पंधरा दिवसांत लेखी कळवावं. ‘समजलेली’ खोडायचं आणि पुरवठादाराच्या पद्धती व मशीन प्रोग्राम त्याचेच राहतील, असं वाक्य घालायचं. फिक्स्चरचे पैसे कंपनीने दिले असतील, तर ते तिचं असू शकतं. त्यासाठी पर्चेस ऑर्डर वाचा.

कंपनी म्हणेल, आमचा इंजिनिअर शिक्का मारायला विसरला तर? तक्रार रास्त आहे. ड्रॉइंग शिक्क्याविनाही गोपनीय धरावं, बाकीच्याला शिक्का हवा, यावर सहसा जुळतं.

आधीपासून माहीत असलेलं, जगजाहीर असलेलं, तिसऱ्याकडून रीतसर मिळालेलं आणि स्वतंत्रपणे शोधलेलं गोपनीय नाही, ही चार कलमं बहुतेक करारांत असतात. ती नसतील तर मागा. पण ‘आधीपासून माहीत होतं’ हे सिद्ध करण्याचा भार बहुधा पुरवठादारावर टाकलेला असतो, आणि तिथे छोट्या शॉपची गोची होते, कारण सगळं ज्ञान फोरमनच्या डोक्यात असतं.

आता मुदत. भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने 2024 च्या अहवालात विधेयकाचा मसुदा सुचवला. त्यामुळे कंपन्या कराराच्या शब्दांवर भिस्त ठेवतात आणि ‘ही जबाबदारी करार संपल्यावरही कायम राहील’ असं लिहून मोकळ्या होतात. ‘कायम’च्या जागी ‘तीन वर्षे’ मागा. एखादी मिश्रधातूची कृती वगैरे खरंच गुपित असेल, तर तिचं नाव लिहून ती गुपित राहील तोवर सांभाळायला हरकत नाही.

पण तीन वर्षे कधीपासून? करार 1 एप्रिल 2025 चा, दोन वर्षांचा. तो 31 मार्च 2027 ला संपेल. तिथून मोजलं तर 31 मार्च 2030 ला सुटका. ड्रॉइंग हाती पडल्यापासून मोजलं, तर जून 2025 मधल्या ड्रॉइंगची जबाबदारी जून 2028 मध्येच संपते. आणि ‘करार आपोआप नूतनीकृत होईल’ अशी ओळ कुठे दडलेली असेल, तर मोजणी सुरूच होत नाही. मी आधी ती ओळ शोधतो.

‘करार संपताच सात दिवसांत सर्व प्रती नष्ट कराव्यात’ हेही डोळे झाकून मान्य करू नका. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ 16949 या मानकाप्रमाणे पार्ट-मंजुरीचे कागद, ग्राहकाने वा नियमांनी वेगळं सांगितलं नसेल तर, पार्ट उत्पादनात आणि सेवेत असेपर्यंत व त्यापुढे एक कॅलेंडर वर्ष ठेवावे लागतात. कायद्याने किंवा गुणवत्तेच्या नियमाने ठेवाव्या लागणाऱ्या प्रती वगळून, एवढे शब्द जोडले की झालं.

दुरुस्त्या वर्ड फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस लावून पाठवा आणि सही होईपर्यंत ड्रॉइंग उघडू नका. त्याच आठवड्यात आपल्या फिक्स्चरचे फोटो आणि सेटिंग शीट स्वतःच्याच पत्त्यावर ईमेल करून ठेवा. वाद झालाच, तर त्या मेलवरची तारीख कामी येईल.