ओल कधी दिसली, कोणाला कळवली?

भाड्याचे घर सोडताना अनामत रकमेवरून होणारे बहुतेक वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतात: हे नुकसान कोणामुळे झाले? भिंतीचे पोपडे निघालेले असतात, कपाटाचे प्लायवूड फुगलेले असते. हे सगळे दोघांच्याही डोळ्यांसमोर असते, त्यामुळे त्यावर वाद नसतो. ते कधी सुरू झाले, मालकाला कधी कळले आणि कळल्यावर त्याने काय केले, यावर वाद होतो. या तिन्हींचे उत्तर भिंतीवर लिहिलेले नसते. ते तारखेसह कोठेतरी लिहिलेले असावे लागते.

कायद्याची मूळ चौकट साधी आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेकरूने जागा घेतली तशा स्थितीत परत करायची असते. नेहमीच्या वापराने होणारी झीज मात्र त्यातून वगळलेली आहे. महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्स करारांतही बहुधा याच अर्थाचे कलम असते. वरच्या मजल्यावरच्या नहाणीतून झिरपणारे पाणी ही वापराने होणारी झीज नव्हे, आणि भाडेकरूने केलेली नासधूसही नव्हे. पण तक्रारीचा कागद नसेल तर दहा महिन्यांनी ते ‘भाडेकरूच्या काळात झालेले नुकसान’ एवढेच उरते. फोनवर चार वेळा सांगितले होते, हे भाडेकरूचे म्हणणे आणि कोणी काही सांगितले नाही, हे मालकाचे. दोन्ही पारडी सारखीच.

समजा, पुण्यात २२ हजार रुपये महिना भाड्याने आणि ६६ हजार अनामत देऊन एका कुटुंबाने फ्लॅट घेतला. ११ ऑगस्टला बेडरूमच्या भिंतीवर, छतापासून साधारण दोन फुटांपर्यंत ओल दिसली. त्याच दिवशी फोटोसह मालकाला व्हॉट्सॲप संदेश गेला. १४ तारखेला उत्तर आले, ‘प्लंबर पाठवतो.’ प्लंबर आला महिनाभराने. त्याने वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचे सांधे गळत असल्याचे सांगितले. भाडेकरूने तेही त्याच संध्याकाळी लिहून कळवले आणि सोसायटीच्या सचिवांना ईमेल केली. ऑक्टोबरमध्ये भिंतीला लागून असलेल्या कपाटाची मागची बाजू फुगू लागली, तेव्हा पुन्हा फोटो आणि स्मरण दिले. जूनमध्ये घर सोडताना मालकाने गिलावा, रंग आणि कपाट यांपोटी ३८ हजार रुपये कापले.

या वादात प्रत्येक नोंदीचे काम वेगळे आहे. ११ ऑगस्टचा संदेश ओल कधी दिसली आणि तेव्हा ती किती होती, हे सांगतो. १४ तारखेचे मालकाचे उत्तर सर्वांत मोलाचे, कारण ते खुद्द मालकाच्या हातचे आहे. त्यानंतर ‘मला माहीत नव्हते’ हे म्हणणे टिकत नाही. प्लंबरचे निदान लगेच लिहिलेले असल्याने कारण घराबाहेरचे होते, हे दिसते, आणि ईमेलमुळे त्याला त्रयस्थाचा दुजोरा मिळतो. कपाटाचे नुकसान तक्रारीनंतर झाले, हे ऑक्टोबरच्या फोटोवरून ठरते. ते टाळण्याची संधी मालकाला दोन महिने होती. भाडेकरूने खटपट करून जमवलेला हा काही मोठा पुरावा नाही, चार-पाच संदेशच आहेत. पण ते वाद नसतानाच्या काळात लिहिलेले आहेत. पैसे अडकल्यावर लिहिलेल्या सविस्तर निवेदनापेक्षा न्यायाधीशाला किंवा मध्यस्थाला ते अधिक विश्वासार्ह वाटतात.

नोंद नसल्याचा दुसराही तोटा आहे. ओल वेळेवर न कळवल्यामुळे नुकसान वाढले, असा उलटा आरोप भाडेकरूवर होऊ शकतो, आणि तो पुष्कळदा खराही असतो.

भाडे कापून घेण्याच्या बाबतीत तर कायद्याने नोटिशीची तारीखच महत्त्वाची मानली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. पोस्टाने किंवा अन्य रीतीने नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. एका वर्षात वळती करायची रक्कम मात्र त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये: महिना १२ हजार भाडे असेल तर ३६ हजारांपर्यंत. खर्चासाठी भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हे कलम निर्णायक पुरावा मानते. नोटीस तारखेसह सिद्ध झाली नाही, तर १५ दिवस मोजायचे कोठून? मग तीच कपात थकबाकी दिसू लागते.

इथे एक सावधगिरी हवी. हे कलम भाडेकरूसाठी आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, आणि त्याला प्रामुख्याने करारातल्या अटी लागू होतात. दुरुस्ती कोणी करायची, हे करारात पाहिल्याशिवाय त्याने भाडे रोखणे धोक्याचे. त्याच्या बाबतीत नोंदींचा उपयोग कपातीसाठी कमी आणि अनामत परत मिळवण्यासाठी अधिक.

नोंद कशी लिहिली आहे, यावरही बरेच अवलंबून असते. ‘घराची अवस्था फार वाईट आहे’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. कोणत्या खोलीत, कोठे, किती आणि केव्हापासून, एवढे तरी हवे. मालक फोनवरच बोलणारा असेल, तर फोन ठेवल्यावर ‘आज सकाळी बोलल्याप्रमाणे आपण शनिवारी माणूस पाठवणार आहात’ असा संदेश पाठवावा. त्यावर आक्षेप आला नाही, तर तेही बोलके ठरते. तक्रार दलालाला सांगून भागत नाही. करारात जो पत्ता किंवा ईमेल दिला असेल तिथेच ती जायला हवी, आणि प्रकरण गंभीर असेल तर पोचपावतीसह पोस्टाने.

मोबाइलमधल्या नोंदींची खरी परीक्षा न्यायालयात होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. अशा प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जुना पुरावा कायदा लागू असताना, जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर प्रकरणात स्पष्ट केली होती. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर केले तर मात्र ते लागत नाही, असेही त्यात म्हटले होते. म्हणून नुसता स्क्रीनशॉट जपून मूळ संभाषण पुसणे ही नेहमीची चूक महाग पडते. आपोआप नाहीसे होणारे संदेश हे सेटिंग चालू राहिले, तर तक्रार मालकाच्या आणि भाडेकरूच्या दोघांच्याही फोनमधून जाते. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर त्यातली मूळ माहिती बहुधा गळते, त्यामुळे कॅमेऱ्यातली मूळ फाइल वेगळी ठेवावी लागते.

पैशांच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, म्हणून घर सोडल्यानंतरही तेवढा काळ जुना फोन, पावत्या आणि चाव्या परत दिल्याची तारीख टाकलेली पोच जवळ असावी लागते.