घाटात गिअर कुणाला मिळतो?

पायडल मारताना मोटरची साथ देणारी इलेक्ट्रिक सायकल घ्यायला गेलं की दुकानात हमखास ऐकू येतं, "सात गिअर आहेत, घाट आरामात चढेल." हे अर्धंच खरं आहे. ते सात गिअर तुमच्या पायांना मिळतील. मोटरला मिळतील की नाही, हे मोटर कुठे बसवली आहे यावर ठरतं.

हब मोटर चाकाच्या मध्यात, बहुधा मागच्या, बसते आणि चाक थेट फिरवते. चेनशी तिचा काही संबंध नसतो. मिड ड्राइव्ह मोटर पायडलच्या आसापाशी बसते. तिचा जोर पायांच्या जोरात मिसळतो आणि दोन्ही मिळून चेनवाटे मागच्या चाकाकडे जातात. 1993 मध्ये यामाहाने जपानच्या बाजारात आणलेली 'पास' ही पेडल असिस्ट सायकल याच रचनेची होती. आपल्याकडे मात्र हब मोटरच जास्त दिसते. ती स्वस्त पडते आणि साध्या सायकलवरही बसवता येते.

आता सिंहगडाचा रस्ता डोळ्यांपुढे आणा आणि त्यातला 10 टक्के चढाचा एक तुकडा घ्या, म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर 10 मीटर वर. सायकल आणि स्वार मिळून 100 किलो. ताशी 8 किलोमीटरने हा तुकडा चढायला साधारण 230 वॅट लागतात. सवयीचा सायकलस्वार त्यातले 100 वॅट पायांनी देतो, उरलेले 130 मोटरने द्यायचे. 250 वॅटच्या मोटरला हा आकडा मोठा नाही. तरीही हब मोटर इथे दमते, कारण प्रश्न वॅटचा नसून फेऱ्यांचा आहे.

ताशी 25 किलोमीटरला नेहमीच्या मापाचं चाक मिनिटाला सुमारे 190 फेरे घेतं. हब मोटर या वेगाच्या आसपास खुशीत चालेल अशी बनवलेली असते. चढावर तेच चाक मिनिटाला 60 फेरे घेतं आणि चाकाला बांधलेली मोटरही त्याच प्रमाणात मंदावते. वेग कमी झाला तरी चढ तेवढाच असतो, म्हणून फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, तिला भरपूर द्यावा लागतो. टॉर्क जितका जास्त, तितका करंट जास्त. आणि करंट दुप्पट झाला की तारांच्या वेटोळ्यातली उष्णता चौपट होते. सायकल जितकी हळू चढेल तितका वेळ ही उष्णता साठत राहते आणि बंद हबमधून ती लवकर बाहेरही पडत नाही. तुम्ही पायडलचा गिअर कितीही हलका करा, तुमचे पाय सुटतील, मोटरचं ओझं तेवढंच राहील. हो, पाय सुटल्यामुळे तुम्ही आपल्या वाट्याचे 100 वॅट नीट देऊ शकता, म्हणून हब मोटरच्या सायकलला घाटात गिअर हवेतच. एकाच गिअरची हब सायकल घाटात नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिड ड्राइव्हचं गणित वेगळं. पुढची चकती 36 दात्यांची धरा. सपाट रस्त्यावर मागे 13 दाते लावले की ताशी 25 ला पायडल मिनिटाला 70 च्या आसपास फिरतं. चढावर मागे 42 दात्यांवर चेन टाकली की ताशी 8 लाही पायडल तेवढंच फिरतं. मोटरला चढ लागला हे फेऱ्यांवरून कळतही नाही. उलट त्याच मोटरचा टॉर्क चाकापर्यंत पोचताना सपाटीच्या तिपटीहून जास्त झालेला असतो. ट्रकवाला घाटात पहिला-दुसरा गिअर टाकतो त्यामागचं कारण हेच.

अर्थात हे गिअर वेळेवर बदलले तरच. लहान चकतीवर चेन ठेवून वळण चढायला घेतलं तर मिड ड्राइव्हही तशीच कण्हते आणि तापते. चढ अंगावर यायच्या आधी पायाचा दाब क्षणभर सैल करून गिअर उतरवावा. भर जोरात बदलला तर चेन कडकन वाजते आणि दाते झिजतात. माणूस आणि मोटर दोघांचा जोर एकाच चेनवर असल्याने ती साध्या सायकलपेक्षा लवकर बदलावी लागते. हा खर्च घेतानाच धरून चालावा.

हब मोटर दमल्याच्या खुणा ओळखता येतात. साथ सर्वात वरच्या पातळीवर असूनही जोर ओसरतो आणि हब हाताला चटका देतो. अनेक हब मोटरींच्या आत नायलॉनची चक्रं असतात, ती फार तापली की मऊ पडून झिजतात. मग आतून घरघर येते आणि शेवटी मोटर फिरते पण चाक फिरत नाही. जोर ओसरला की सावलीत थांबून हब निवू द्यावा.

रोजचा रस्ता सपाट आणि मध्ये एखादा उड्डाणपूल असेल तर हब मोटर पुरते. घर टेकडीवर असेल, मागे मूल किंवा सामान असेल, तर मिड ड्राइव्हला जास्त पैसे मोजावेत. एक बाजू मात्र हबची आहे: वाटेत चेन तुटली तर मिड ड्राइव्ह जागीच अडते, पण थ्रॉटल असलेली हब सायकल सपाट रस्त्याने घरी आणून सोडते.