दर्याचा कायदा आणि सरकारी कागदांचे पाच प्रकार

मुरूड किंवा रेवस येथील कोळीवाड्यात जून लागताच यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. ही बंदी कोणत्या कागदाने येते, हे शोधू लागल्यास नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाचही प्रकारांची ओळख होते.

या सर्वांचे मूळ म्हणजे १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम. अधिनियम म्हणजे विधिमंडळाने संमत केलेला कायदा. परवाना, गुन्हा, दंड व जप्ती यांचा आधार तेथेच असतो. पुढे हा कायदा अपुरा वाटू लागला. दंड तुटपुंजा, आणि खटले इतर कामांनी गांजलेल्या तहसीलदारांपुढे चालत. २०२१ च्या उत्तरार्धात सुधारणा करावयाची ठरली, तेव्हा विधिमंडळाचे अधिवेशन चालू नव्हते. अशा वेळी घटनेच्या २१३ व्या अनुच्छेदान्वये राज्यपाल अध्यादेश काढतात. त्यानुसार दंड वाढला आणि निवाड्याचे काम मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे गेले. अध्यादेशाचे बळ अधिनियमाइतकेच. आयुष्य मात्र अल्प. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याला कायद्याचे रूप न मिळाल्यास तो संपुष्टात येतो. या प्रकरणी डिसेंबर २०२१ च्या अधिवेशनात विधेयक संमत झाले.

तथापि कोणते जाळे, कोणता काळ, कोणता टापू, हे सारे अधिनियमात लिहिणे शक्य नसते. म्हणून अधिनियमच शासनाला असे तपशील राजपत्रात प्रसिद्ध करून ठरविण्याचा अधिकार देतो. त्यातून निघते ती अधिसूचना. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली आलेले निर्बंध याच जातीचे. ओळखण्याची खूण सोपी आहे: आरंभीच ‘अमुक अधिनियमाच्या अमुक कलमान्वये प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून’ अशा अर्थाचे वाक्य असते. ते कलम उघडून पाहावे. तेथे तसा अधिकारच नसेल, तर अधिसूचना न्यायालयात टिकत नाही.

शासन निर्णयाची जात निराळी. तो राज्यपालांच्या नावाने निघतो, पण त्यामागे असते ती शासनाची कार्यकारी सत्ता. मच्छीमारांना डिझेलवरील कराचा परतावा कोणत्या अटींवर द्यावा, हे अशा निर्णयाने ठरते. पुढचा शासन निर्णय त्यात बदल करू शकतो. मात्र अधिनियमात नसलेला दंड तो बसवू शकत नाही. परिपत्रक त्याहूनही धाकटे: वरिष्ठांनी हाताखालच्यांना दिलेली कामाची सूचना, इतकेच.

आता २०२४ ची बंदी घ्या. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना मोकळीक. समजा, जुलैत एक यांत्रिक होडी पकडली गेली आणि अधिकाऱ्याने केवळ परिपत्रक पुढे केले. तर तांडेलाने विचारावयाचे ते एवढेच की, दंड कोणत्या कलमाखाली? उत्तर अधिनियमातून व त्याखालील आदेशातून आले, तर दंड भरावा लागेल. परिपत्रकापाशीच ते थांबले, तर निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे हाच आक्षेप लेखी नोंदवून घ्यावा.