पेटीतील स्क्रूंची संख्या वजनावरून कशी काढावी?

शेडनेटगृह किंवा गोठ्याचे पत्रे बसवताना छोटे स्क्रू शेकड्यांनी लागतात. मागील कामातून उरलेली अर्धी पेटी घरात असते, पण तीत किती नग आहेत हे ठाऊक नसते. सगळे मोजण्यात वेळ जातो आणि अंदाजाने काम सुरू केले तर ऐनवेळी मजूर बसून राहतात. अशा वेळी थोडे स्क्रू मोजून त्यांचे वजन करावे व त्यावरून एकूण संख्या काढावी. रीत सोपी आहे, मात्र नमुना किती नगांचा घ्यावा हे समजून घेतले पाहिजे.

गणित कसे मांडावे?

समजा, पनवेल तालुक्यातील कोन येथील एका बागायतदाराला शेडनेटच्या पट्ट्या बसवण्यासाठी पाऊण इंची १,५०० स्क्रू हवे आहेत. त्याच्याकडे एक उघडी पेटी आहे आणि भाजी तोलण्याचा ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे. हा काटा पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो.

प्रथम भरलेली पेटी तोलावी. वजन ३,३५५ ग्रॅम भरले. स्क्रू घमेल्यात ओतून रिकामी पेटी तोलली, ती १५५ ग्रॅम भरली. म्हणजे स्क्रूंचे निव्वळ वजन ३,२०० ग्रॅम झाले. आता नमुन्यावरून एका स्क्रूचे वजन काढावे आणि त्याने ३,२०० ला भागावे.

नमुना लहान घेतल्यास काय होते?

दहा स्क्रू तोलले तर काटा २० ग्रॅम दाखवतो. यावरून एक स्क्रू २ ग्रॅमचा आणि पेटीत १,६०० नग, असे उत्तर येते. परंतु पाच ग्रॅमच्या टप्प्यामुळे काट्यावरील २० चा अर्थ साडेसतरा ते साडेबावीस ग्रॅमपैकी काहीही असू शकतो. म्हणजेच पेटीत १,४२२ पासून १,८२९ पर्यंत कितीही नग असू शकतील. शिवाय अशा काट्याच्या पाटीवर किमान वजन १०० ग्रॅम दिलेले असते. त्याखालील वजनावर विसंबू नये.

आता २०० स्क्रू मोजून घ्यावेत. दहा-दहाचे वीस ढीग केल्यास मोजणी चुकत नाही. त्यांचे वजन ४४५ ग्रॅम भरले. म्हणजे एक स्क्रू २.२२५ ग्रॅमचा. ३,२०० ला २.२२५ ने भागले असता १,४३८ नग येतात. येथेही अडीच ग्रॅमची चूक शक्य आहे, पण ती २०० नगांत वाटली जाते. पेटीच्या दोन्ही वजनांतील चूक धरूनही उत्तर फार तर दहा नगांनी इकडेतिकडे होते. म्हणजे सुमारे ५० ते ७५ स्क्रू कमी पडणार, हे निश्चित झाले. दहाच्या नमुन्यावर विसंबलो असतो तर शंभर नग जास्तच आहेत असे वाटले असते.

काट्याचा टप्पा जेवढा मोठा, तेवढा नमुना मोठा घ्यावा. नमुन्याचे वजन टप्प्याच्या निदान ८० ते १०० पट भरावे.

चूक कशी ओळखावी?

पेटीचे वजन वजा करण्यास विसरल्यास ३,३५५ ला भागून १,५०८ नग येतील आणि माल पुरेसा आहे असा गैरसमज होईल. नमुन्यासाठी दुसरा काटा वापरू नये, कारण दोन काट्यांत फरक असू शकतो.

नमुना वरवरचा घेऊ नये. सर्व स्क्रू पसरून वेगवेगळ्या जागांहून घ्यावेत. त्यानंतर २०० चा दुसरा नमुना तोलावा. दोन वजनांत ५ ग्रॅमचा फरक काट्याच्या टप्प्यामुळे पडू शकतो. फरक १० ग्रॅम किंवा अधिक असल्यास मोजणी चुकली आहे किंवा पेटीत निरनिराळ्या लांबीचे स्क्रू मिसळले आहेत असे समजावे. काही स्क्रूंना वायसर असून काहींना नसल्यासही असेच होते. अशा वेळी आधी निवड करून प्रत्येक प्रकार वेगळा तोलावा.

बियाण्याशी तुलना

बियाण्याचे हजार दाण्यांचे वजन काढण्यामागे हेच तत्त्व आहे. मात्र एका यंत्रातून निघालेले स्क्रू जवळजवळ सारखे असतात, तर एकाच कणसातील दाणेही लहानमोठे असतात. म्हणून बीज परीक्षणात शंभर-शंभर दाण्यांचे आठ गट वेगवेगळे तोलून त्यांतील फरक पाहतात आणि फरक मर्यादेबाहेर गेल्यास पुन्हा गट घेतात. स्क्रूंसाठी दोन नमुने जुळले की पुरे. हिशेबात येणारा दहा नगांचा फरक लक्षात घेऊन वरील उदाहरणात १०० नग अधिक आणावेत, म्हणजे काम अडणार नाही.