विजयनगर कधी संपलं? फूटपट्टी ठेवून बघा

राज्यसेवेच्या तयारीसाठी माझी भाची कर्वेनगरला आमच्याकडे राहते. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, विजयनगर, सगळ्यांच्या सनावळ्या तिला तोंडपाठ. परवा सहज विचारलं, "शिवाजी महाराज जन्मले तेव्हा दख्खनेत राज्यं कोणकोणती होती?" मोगल, आदिलशाही, कुतुबशाही एवढी नावं आली आणि गाडी अडली. सनावळी पाठ असते ती एकेका घराण्याची, वरून खाली. प्रश्न मात्र आडवा येतो.

तिनं एक तक्ताही केला होता. रंगीत चौकोन, प्रत्येकात घराण्याचं नाव आणि दोन साल. दिसायला छान, पण ८४ वर्षांच्या इमादशाहीला जेवढा चौकोन, तेवढाच ३१० वर्षांच्या विजयनगरला. शिवाय बहमनीचा चौकोन संपला की त्याखाली पाच शाह्या सुरू, जणू एक दुकान बंद झालं आणि दुसऱ्या दिवशी तिथं पाच गाळे उघडले.

म्हटलं, वाणसामानाच्या शेजारच्या स्टेशनरीतून आलेख कागद आण, मिलिमीटरचे. एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष, एक सेंटिमीटर म्हणजे दशक. सुरुवात १३३०, शेवट १७१०, म्हणजे ३८ सेंटिमीटर. एका कागदावर मावत नाही, दोन जोडावे लागतात. प्रमाण मात्र कुठेही बदलायचं नाही. सुरुवातीच्या शंभर वर्षांत आपल्याला फारसं लिहायचं नसतं, म्हणून ती आवळून घ्यायचा मोह होतो. ती आवळली की फूटपट्टीनं मोजलेलं काहीच खरं राहत नाही.

प्रमाण हाताला कळावं म्हणून तिला आधी एक रेघ काढायला लावली: आमच्या नगराला ज्यांचं नाव आहे त्या महर्षी कर्व्यांचं आयुष्य, १८५८ ते १९६२. साडेदहा सेंटिमीटरला जरा कमी. वऱ्हाडच्या इमादशाहीची पट्टी त्याखाली धरली तर दोन सेंटिमीटर तोकडी. आयुष्यं अशी एका मापाच्या रेघांनी मांडण्याची कल्पना जोसेफ प्रिस्टले या इंग्रज शिक्षकानं १७६५ साली छापून प्रसिद्ध केली आणि चार वर्षांनी राज्यांचाही तक्ता काढला. ऑक्सिजनच्या धड्यात भेटतो तोच हा प्रिस्टले.

आता पट्टे कुठल्या क्रमानं लावायचे? पुस्तकातल्या क्रमानं नाही, नकाशातल्या शेजारानं. वर मोगल, मग खानदेशचे फारुकी, वऱ्हाड, अहमदनगर, विजापूर, बीदर, गोवळकोंडा, विजयनगर आणि तळाशी गोव्याचे पोर्तुगीज. शेजारी शेजाऱ्याला गिळतो तेव्हा गिळलेल्याकडून गिळणाऱ्याकडे काढलेला बाण छोटा निघतो. १५७४ला निजामशाहीनं वऱ्हाड घेतलं, एकच घर खाली. १६१९ला विजापूरनं बीदर घेतलं, एकच घर वर. १६३६ला निजामशाहीचा मुलूख मोगल आणि आदिलशहा यांच्यात वाटला गेला. मोगलांकडे जाणाऱ्या बाणाला दोन पट्टे ओलांडावे लागतात, पण वऱ्हाड १५७४लाच संपलेलं आणि खानदेश १६०१ला मोगलांकडे गेलेलं. म्हणून तो बाण कोऱ्या कागदावरून सरळ वर जातो.

बहमनीला वेगळा पट्टा नकोच. १३४७पासून ती वऱ्हाड ते गोवळकोंडा या पाचही पट्ट्यांवर पसरलेली एक रुंद सपाटी म्हणून रंगवायची. १४९०च्या आसपास वऱ्हाड, अहमदनगर, विजापूर सुटे होतात. गोवळकोंडा नंतर. पण बीदरच्या पट्ट्यात बहमनी सुलतानाच्या नावाची बारीक रेघ १५२७पर्यंत चालू ठेवायची, बरीदांच्या डोक्यावर. सत्ता त्यांची, गादी त्याची. ही ३७ मिलिमीटरची रेघ काढली की 'एक गेली आणि पाच आल्या' हा समज कागदावर टिकत नाही.

पट्टीची टोकं हा खरा किचकट भाग. आदिलशाही कुणी १४८९पासून धरतं, कुणी १४९०. हा एक मिलिमीटर, पेन्सिलीच्या जाडीत जातो, त्यावर वेळ घालवू नये. कुतुबशाही १५१२ की १५१८? हे सहा मिलिमीटर डोळ्याला दिसतात, म्हणून तेवढा भाग तिरप्या रेघांचा ठेवला. निजामशाहीला तर तीन शेवट सांगतात. १६००ला अहमदनगरचा किल्ला पडला, १६३३ला दौलताबाद, १६३६ला शहाजीराजांचा शेवटचा प्रयत्न संपला. मी पट्टी १६३६पर्यंत भरीव ठेवली आणि १६०० व १६३३ला आत उभ्या खुणा केल्या. मधली बहुतेक वर्षं मलिक अंबरची. त्यानं राज्य चालवलं, मोगलांना दमवलं, ती वर्षं तिरप्या रेघांत टाकणं मला पटत नाही. कुणी टाकली तर चूक म्हणणार नाही, पण खुणेचा अर्थ कोपऱ्यात लिहावा.

१६३६नंतर अहमदनगरचा पट्टा मोकळा पडतो. स्वराज्य तिथंच मांडलं. आधी तिरप्या रेघा, १६७४पासून भरीव.

राज्याभिषेक शके १५९६चा, त्यात ७८ मिळवले की १६७४. पण महाराजांचा जन्म शके १५५१च्या फाल्गुनातला. तिथे ७८ मिळवले तर १६२९ येतं, एक घर आधी. इंग्रजी साल पौषाच्या आसपासच बदलतं, शक चैत्रात, म्हणून शकाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवायचे. १६३० बरोबर येतं.

सगळं झाल्यावर भाचीनं तपासणी केली आणि घोळ निघाला. विजापूर १४९० ते १६८६, म्हणजे १९६ मिलिमीटर हवेत, फूटपट्टीवर बरोबर २०० आले. दोन कागद चिकटवताना छापील चौकटीबाहेरची चार मिलिमीटरची कोरी कड मध्येच राहिली होती. सांधा १५७०वर. त्यामुळे पुढचं सगळं चार वर्षं उजवीकडे सरकलं होतं, आणि नुसतं बघून कुणालाही कळलं नसतं. सांध्याच्या दोन्ही बाजूंना टोकं असलेलं एक तरी अंतर मोजल्याशिवाय असा तक्ता भिंतीवर लावू नये. कड कापून पुन्हा चिकटवला.

एक गोष्ट हा तक्ता सांगत नाही: कोण किती मोठं. सगळे पट्टे एकाच जाडीचे, म्हणून बीदर आणि मोगल बरोबरीचे दिसतात. त्यासाठी नकाशाच हवा. जाडीत मुलूख दाखवायला गेलं की दोन्ही बिघडतं.

मग ती फूटपट्टी उभी धरून सरकवत बसली. १५४५ला ठेवली तर वर मोगलांच्या पट्टीत भोक. हुमायूनची गादी गेलेली, १५४० ते १५५५. १५६५ला ठेवली, राक्षसतागडी. विजयनगरची पट्टी तिथं तुटेल असं तिला वाटलं होतं. तुटली नाही, तशीच पुढे गेली. राजधानी उद्ध्वस्त झाली, पण अरविडू घराणं आधी पेनुकोंड्याला, मग आणखी दक्षिणेला सरकत राहिलं.

शेवटी १६३०. फूटपट्टीवर वरून खाली: मोगल, शेवटचे सहा मिलिमीटर उरलेली निजामशाही, विजापूर, गोवळकोंडा. तिचं बोट त्याच्याही खाली गेलं आणि थांबलं.

"मामा, विजयनगर अजून आहे?"

"कुठपर्यंत, मोज."

तिनं बारीक घरं मोजली. सोळा.